दोन्ही शाळांचा सिलॅबस एकच, मग मुलगी मागे कशी पडली?

सायली_म

नमस्कार. माझी मुलगी पाचवीत आहे. वर्षाच्या मध्यात तिची शाळा बदलावी लागली. बदलण्याआधी मी दोन्ही शाळांचे सिलॅबसचे कागद शेजारी ठेवून तपासले होते. गणितात ओळन् ओळ सारखी होती: अपूर्णांक, अपूर्णांकांची तुलना, बेरीज-वजाबाकी, दशांश, क्षेत्रफळ. पाठ्यपुस्तकही तेच. त्यामुळे मी निर्धास्त होते.

जुन्या शाळेत अपूर्णांक शिकवून झाले होते आणि त्या परीक्षेत तिला ४० पैकी ३७ गुण होते. नव्या शाळेत त्याच धड्यावर घटक चाचणी झाली, तिच्यात २० पैकी ९ मिळाले. बाईंना भेटले तर त्या म्हणाल्या, "तिला अपूर्णांक शिकवलेले दिसत नाहीत." मी वही दाखवली, २२ पानं भरलेली आहेत. त्यावर त्या म्हणाल्या, "सिलॅबस सारखा असेल हो, करिक्युलम वेगळा आहे."

मी मान डोलावून घरी आले, पण कळलं काहीच नाही. या दोन शब्दांत फरक काय? आणि शाळा खरोखर काय शिकवते हे माझ्यासारख्या पालकाला कळावं तरी कसं?

अनिकेत_प

सोपं आहे. करिक्युलम वरून येतो, म्हणजे मंडळाकडून. त्यातून शाळा आपला सिलॅबस काढते. करिक्युलम मोठा, सिलॅबस त्याचा भाग. तुमच्या दोन्ही शाळा एकाच मंडळाच्या असतील, तर करिक्युलमही एकच असणार. बाई सरळ जबाबदारी झटकत आहेत. मुख्याध्यापकांकडे जा.

मीनाक्षी७७

मंडळ कोणतं ते लिहाल का? आम्हीही मंडळ बदलायचा विचार करतोय. मुलाच्या शाळेच्या माहितीपत्रकात "समृद्ध करिक्युलम" असं मोठ्या अक्षरात आहे आणि त्यात रोबोटिक्स, नाट्य, बागकाम असं सगळं दिलंय. घरी आल्यावर विचारलं तर तो म्हणतो, "बागकाम? ते तर झालंच नाही." तुमच्याही शाळेत असंच आहे का?

खडूफळा

सायलीताई, मी २६ वर्षं गणित शिकवलं आणि नंतर काही वर्षं शिक्षक-प्रशिक्षणात होतो. व्याख्येआधी एक विनंती आहे. त्या घटक चाचणीतले प्रश्न आणि मुलीने लिहिलेली उत्तरं जशीच्या तशी इथे द्याल का? "२० पैकी ९" यावरून मला काहीच सांगता येणार नाही. तिने काय लिहिलं त्यावरून बरंच सांगता येईल.

सायली_म

देते, सर.

पहिला प्रश्न, ४ गुण: ३/८ आणि २/५ यांपैकी मोठा कोणता? संख्यारेषेवर दाखवा आणि कारण लिहा. तिने ३ × ५ = १५ आणि २ × ८ = १६ असा तिरकस गुणाकार करून "२/५ मोठा" लिहिलंय. रेषेवर दहा खुणा केल्यात. २/५ दुसऱ्या खुणेवर आणि ३/८ तिसऱ्या खुणेवर. गुण १.

दुसरा, ४ गुण: एका मुलाने १/२ + १/३ = २/५ असे लिहिले. बेरीज न करता हे उत्तर चूक आहे हे कसे सांगाल? हिने बेरीज करून ५/६ काढलं आणि "म्हणून चूक" असं लिहिलं. गुण ०. मला हा अन्यायच वाटला.

तिसरा, ६ गुण: सरळ बेरजा-वजाबाक्या. ६ पैकी ६.

चौथा, ६ गुण: पट्टीचा ३/४ भाग काढून दिला आहे, पूर्ण पट्टी काढा, आणि अशीच आणखी दोन चित्रं. त्यात २.

खडूफळा

धन्यवाद. पहिलं उत्तर पुन्हा बघा. गुणाकाराने ती म्हणते २/५ मोठा, आणि ते बरोबर आहे. पण तिच्याच रेषेवर ३/८ उजवीकडे आहे, म्हणजे चित्रात ३/८ मोठा झाला. एकाच उत्तरात दोन उलट विधानं आहेत आणि तिला त्याची जाणीव नाही. कारण त्या दोन गोष्टी तिच्या मनात जोडलेल्याच नाहीत. रेषेवर तिने फक्त वरचा अंक मोजला: दोन असेल तर दुसरी खूण, तीन असेल तर तिसरी. ० ते १ या अंतराचे एकदा पाच आणि एकदा आठ समान भाग करायचे असतात, हे तिने बहुधा कधी केलेलं नाही.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल तुम्हाला वाईट वाटणं मी समजू शकतो. पण तो प्रश्न बेरजेचा नव्हताच. अर्ध्यात काहीतरी मिळवलं तर उत्तर अर्ध्यापेक्षा मोठंच यायला हवं. २/५ तर अर्ध्याहूनही कमी आहे. एवढं एक वाक्य पुरलं असतं. तिला बेरीज येते; अपूर्णांक ही एक संख्या आहे आणि तिला काही आकारमान आहे, हे तिच्यापर्यंत पोचलेलं नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. दोन्ही कागदांवर "अपूर्णांकांची तुलना" ही एकच ओळ आहे. एका शाळेने त्या ओळीचा अर्थ लावला, तिरकस गुणाकार करून मोठा अपूर्णांक ओळखता यावा. दुसरीने लावला, अपूर्णांकाची जागा सांगता यावी आणि का ते बोलता यावं. ती ओळ म्हणजे सिलॅबस. ती ओळ कशासाठी शिकवायची, कोणत्या क्रमाने, किती तासिका द्यायच्या, मुलांच्या हातून काय करून घ्यायचं आणि शेवटी कोणत्या प्रश्नाने तपासायचं, हे सगळं मिळून करिक्युलम. शिक्षणशास्त्राच्या मराठीत पहिल्याला पाठ्यक्रम आणि दुसऱ्याला अभ्यासक्रम म्हणतात. बोलताना मात्र आपण दोन्हींना अभ्यासक्रमच म्हणतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो.

एक मला फार आवडलेली गोष्ट सांगतो. सिलॅबस हा शब्द प्राचीन रोमन लेखक सिसेरोच्या पत्रांच्या १५व्या शतकातल्या छपाईत झालेल्या चुकीतून रूढ झाला. मूळ ग्रीक शब्द ग्रंथाच्या गुंडाळीला बाहेरून लावायच्या चर्मपत्राच्या चिठ्ठीसाठी होता. आत काय आहे त्याची चिठ्ठी. तुम्ही दोन चिठ्ठ्या ताडून पाहिल्या, गुंडाळ्या उघडल्या नाहीत.

अनिकेत_प

पण मी म्हटलं तेच झालं ना? करिक्युलम मोठा आणि सिलॅबस त्याचा भाग.

खडूफळा

तेवढं बरोबर आहे. पण "वरून आला म्हणजे सगळीकडे एकच झाला" हे बरोबर नाही. अनेक ठिकाणी तर उलट असतं: विषयांची यादी वरून येते आणि बाकीचं शाळा ठरवते. शिवाय कागदावर ठरलेलं, वर्गात शिकवलेलं आणि मुलाला मिळालेलं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. हे मी मनाने सांगत नाही. गणित-विज्ञानाच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय तुलनांमध्ये हेच तीन थर धरतात. १९९५पासून दर चार वर्षांनी होणाऱ्या टिम्स या चाचणीत मुलांचे पेपर घेतातच, पण त्यांच्या शिक्षकांनाही एकेका घटकाबद्दल विचारतात: हा आधीच्या वर्षांत शिकवून झाला, या वर्षी शिकवला, की अजून शिकवलाच नाही? यादीत घटक आहे म्हणजे तो शिकवलाच असेल, असं तिथेही कुणी गृहीत धरत नाही.

सायलीताई, आता एक काम करा. जुन्या शाळेची २२ पानांची वही घ्या आणि प्रत्येक उदाहरण एका ढिगात टाका: नुसती आकडेमोड, शाब्दिक उदाहरण, चित्र किंवा रेषा काढणं, कारण सांगणं. किती कशात पडली ते मोजा. मग ४० गुणांचा तो जुना पेपर घ्या आणि गुणही याच ढिगांत वाटा. शिक्षक प्रश्नपत्रिका काढण्याआधी संविधान तक्ता करतात, कोणत्या उद्दिष्टाला किती गुण ते त्यात ठरतं. तुम्ही तोच तक्ता उलट्या बाजूने काढणार आहात.

सायली_म

केलं. काल रात्री दीड तास लागला.

वहीत एकूण १४३ उदाहरणं. नुसती आकडेमोड १२८. शाब्दिक ११, तीही सगळी एकाच साच्याची: "इतका भाग वापरला, किती उरला?" चित्रं ४, आणि चारही आयत्या वर्तुळात रंग भरायची. संख्यारेषा एकही नाही. कारण सांगा असा एकही प्रश्न नाही.

जुना पेपर: ३४ गुण आकडेमोडीला, ६ शाब्दिक उदाहरणांना. बाकी शून्य.

म्हणजे ३७ गुण खरे होते. फक्त ते ज्याचे होते ते मी चुकीचं समजले. सर, मला खरंच रडू आलं, कारण ही वही मी वर्षभर आठवड्याला तपासत होते. पानं भरलीत आणि बरोबरच्या खुणा आहेत, एवढंच बघत होते.

फुलवात

मी सध्या पाचवीलाच शिकवते, म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही. जुन्या शाळेतल्या बाईंवर लगेच खापर फोडू नका.

माझ्या वार्षिक नियोजनात अपूर्णांकांना १६ तासिका आहेत. गेल्या वर्षी प्रत्यक्षात ९ मिळाल्या. कार्यक्रमाची तयारी, दोन अचानक सुट्ट्या, एका सहकारी बाईंच्या रजेमुळे एकत्र बसवलेले वर्ग, असं करत सात गेल्या. मग काय गळतं? कागदाच्या घड्या घालणं गळतं, रेषा काढणं गळतं, "तुला असं का वाटलं" हे विचारणं गळतं. पेपरात ज्याला गुण आहेत ते शेवटपर्यंत टिकतं. यादीवर मात्र मी "अपूर्णांक पूर्ण" अशी खूण करते आणि ती खोटी नसते. १६ तासिकांचे अपूर्णांक आणि ९ तासिकांचे अपूर्णांक त्या कागदावर अगदी सारखे दिसतात.

आणि सर, वही मोजण्यात एक धोका आहे. माझ्या वर्गातलं सगळ्यात चांगलं काम वहीत नसतं. पट्ट्या कापून जमिनीवर मांडणं, दोन मुलांनी वाद घालणं, फळ्यावर येऊन समजावणं यांचं एकही पान उरत नाही. वहीत रेषा नाही म्हणजे वर्गात रेषा झालीच नाही, असं ठामपणे म्हणता येत नाही.

खडूफळा

फुलवातताई, अगदी योग्य मुद्दा. म्हणून वहीच्या जोडीला मुलीला बोलतं करायला हवं. सायलीताई, तिला ७/८ आणि ८/९ द्या. कागद-पेन्सिल नको, गुणाकार नको. मोठा कोणता आणि का, एवढंच विचारा. ती काय म्हणते ते शब्दशः लिहून ठेवा, मध्ये दुरुस्त करू नका.

मीनाक्षी७७

मी मघाशी मंडळाचं विचारत होते, पण इथलं वाचून वेळापत्रक काढून बसले. माहितीपत्रकातल्या तीन गोष्टींपैकी नाट्याला आठवड्याला एक तासिका आहे. रोबोटिक्स महिन्यातून एकदा आहे. बागकामाला वेळापत्रकात जागाच नाही! मुलगा खरंच सांगत होता. मग ते करिक्युलममध्ये आहे म्हणायचं की नाही?

फुलवात

ज्याला तासिका नाही, शिकवणारं माणूस नाही आणि ज्याचं काय आलं हे कुणी बघत नाही, ते माहितीपत्रकात आहे एवढंच म्हणा. रोबोटिक्सचं मात्र पुढे विचारा. महिन्यातून एकदा तर एकदा, पण दुसऱ्या वेळी पहिल्याच्या पुढचं काही होतं का? दर वेळी तेच खेळणं जोडून सोडून दिलं, तर तो कार्यक्रम झाला.

अनिकेत_प

माझं मत थोडं बदललं, पण एक कळत नाही. पालकाने इतकं सगळं का करायचं? शाळेनेच लिहून द्यावं, कोणता घटक किती तासिका, कसा शिकवणार, कशाला किती गुण. फी घेताना सगळं लेखी असतं. आणि यावरून नवी शाळा चांगली, जुनी वाईट, हे तर सिद्धच झालं ना?

खडूफळा

दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर "नाही" असं आहे. माझ्याच वर्गांत मी अशी मुलं पाहिली आहेत जी सुंदर चित्र काढून समजावतील, पण ५/६ − १/४ करायला तीन मिनिटं घेतील आणि वाटेत छेदच विसरतील. पुढे बीजगणितात त्यांचा दम तिथेच निघतो. सायलीताईंच्या मुलीला सरळ बेरजांत ६ पैकी ६ आहेत. ही जुन्या शाळेची कमाई आहे, ती टाकून देऊ नका. नव्या शाळेचीही वही तशीच मोजा, कदाचित तिथे सराव कमी पडत असेल.

शाळेत जाऊन "तुमचा करिक्युलम कोणता?" असं विचारलंत तर माहितीपत्रक हातात पडेल. त्याऐवजी एकाच घटकाबद्दल विचारा. त्या घटकाचं घटक नियोजन बघायला मिळेल का? गेल्या वर्षीचा त्यावरचा पेपर मिळेल का? आणि जमलं तर पुढच्या इयत्तेतल्या एखाद्या मुलाची जुनी वही. एक घटक तळापर्यंत बघितला की शाळेची पद्धत बऱ्यापैकी कळते.

फुलवात

अनिकेतदादा, लेखी देण्याबद्दल: माझं नियोजन दाखवायला माझी हरकत नाही. पण १६ लिहून ९ झाल्या की पालक कागद घेऊन भांडायला येतील, या भीतीने लोक आधीच मोघम लिहायला लागतील. मग तो कागदही यादीच होईल.

अनिकेत_प

मोघम लिहिलंय हे तरी दिसेल. मला अजूनही वाटतं, लेखी हवंच.

सायली_म

दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

नव्या शाळेत गेले. बाईंनी घटक नियोजन लगेच दाखवलं, मला वाटलं होतं तितकं अवघड गेलं नाही. अपूर्णांकांना १४ तासिका. पहिल्या पाचांत एकही नियम नाही, फक्त पट्ट्या, घड्या आणि रेषा. तिरकस गुणाकार पाचवीत त्या शिकवतच नाहीत. त्या म्हणाल्या, "तो आधी आला की मुलं विचार करायचं थांबवतात." मुलगी आली तेव्हा त्या पाचही तासिका होऊन गेल्या होत्या. म्हणजे नेमका तो तुकडा तिला कुठेच मिळाला नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही. दोन्ही याद्यांप्रमाणे मात्र तिचा अपूर्णांक दोनदा झाला.

दुसरं, सर, तुमचा प्रश्न विचारला. ती म्हणाली, "दोन्ही सारखेच. सातला आठ व्हायला एक कमी, आठला नऊ व्हायला एक कमी."

मी दुरुस्त केलं नाही, पण मला स्वतःलाच क्षणभर ते पटलं.

खडूफळा

हा वाटेतला ओळखीचा थांबा आहे, बरीच मुलं इथे येऊन थांबतात. आणि तिने आज पहिल्यांदा गुणाकार न करता अपूर्णांकाकडे बघितलं, हे विसरू नका. एक भाग कमी हे तिचं बरोबर आहे. फक्त तो भाग केवढा, हे बघायचं राहिलं.

एकाच लांबीच्या दोन पट्ट्या घ्या. एकीचे आठ समान भाग, दुसरीचे नऊ. नऊ भाग घडी घालून नीट होत नाहीत, म्हणून १८ सेंटिमीटरची पट्टी घ्या, दोन-दोन सेंटिमीटरवर खुणा येतील. आठ भागांची पट्टीही १८ सेंटिमीटरचीच, तीनदा अर्धी घडी घाला. दोन्हींचा शेवटचा भाग झाकायला सांगा आणि विचारा, कोणाचं जास्त झाकलं गेलं? पुढचं तिला बोलू द्या.

सायली_म

केलं. आठवाली पट्टी हातात घेऊन ती बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "हिचा गेलेला तुकडा मोठा आहे, म्हणून हिच्याकडे कमी उरलं." आणि लगेच, स्वतःहून, "मग ९९/१०० तर खूपच मोठा."

बाईंनी मधल्या सुट्टीत आठवड्यातून दोनदा तिला बसवायचं कबूल केलंय. ते पुरेल की नाही माहीत नाही. पुढच्या सोमवारपासून दशांश सुरू होतायत. तेही जुन्या शाळेत "झालेले" आहेत.

खडूफळा

मग सोमवारच्या आधी विचारून बघा: ०.३५ मोठा की ०.४?

सायली_म

विचारलं. म्हणाली ०.३५, "कारण ३५ मोठे." दशांशाची जुनी वही शोधून ठेवलीय, आज रात्री तीही मोजते.